पित्ताशय पूर्ण निघालं नाही, तेव्हा ऑपरेशन नोट कशी लिहायची

रेसिडेन्सी संपवून थोडे दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. फोनवर एक सर्जन होते, माझ्यापेक्षा बरेच ज्येष्ठ. म्हणाले, "तुम्ही चौदा महिन्यांपूर्वी एक पित्ताशय केलं होतंत. पेशंट आता माझ्याकडे आलाय, पुन्हा तसंच पोट दुखतंय. सोनोग्राफीत दोन सेंटीमीटरची पिशवी दिसतेय आणि तिच्यात खडा आहे. पेशंट म्हणतोय, पित्ताशय काढलंय. तुम्ही आत नक्की काय ठेवलं होतंत?"

मला आठवेना. मी जुनी नोट काढून वाचली. तिच्यात लिहिलं होतं: "दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. चिकटपणा होता, सोडवला. रक्तस्राव पूर्ण थांबवला. ड्रेन ठेवला. शस्त्रक्रिया सुरळीत." खाली माझी सही. त्या दिवशी पित्ताशयाचा खालचा भाग मी सोडून दिला होता आणि त्याचं तोंड टाके घालून बंद केलं होतं, एवढं अंधूक आठवत होतं. पण किती भाग सोडला, टाका कुठला घातला, मुख्य पित्तनलिका दिसली होती का, यातलं काहीच कागदावर नव्हतं. त्या सर्जनना हे सगळं एमआरआय करून आणि मग स्वतःच्या हातांनी, तासन्‌तास चाचपडत शोधावं लागलं.

नवीन रेसिडेंट सरळ केसची नोट बरी लिहितात. सरळ केसमध्ये सगळं पुस्तकाप्रमाणे होतं आणि नोटही पुस्तकाप्रमाणे होते. घोळ होतो तो अर्धवट काढलेल्या पित्ताशयाच्या, म्हणजे सबटोटल कोलेसिस्टेक्टॉमीच्या नोटमध्ये. म्हणून इथे तेवढीच एक नोट घेतो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून दाखवतो. नोट तुम्ही इंग्रजीत लिहाल. उदाहरणं मी मराठीत देतोय, कारण मुद्दा मजकुराचा आहे.

उदाहरणाची केस अशी: वय 52, सहा दिवसांपासून पोटात उजवीकडे दुखणं आणि ताप. सोनोग्राफीत 18 मिमीचा खडा हार्टमन पाउचमध्ये, म्हणजे पित्ताशयाच्या मानेजवळच्या फुगवट्यात, अडकलेला. भिंत 7 मिमी जाड. मुख्य पित्तनलिका 5 मिमी, बिलिरुबिन नॉर्मल.

## 1. बसण्याआधी या गोष्टी गोळा करा

नोट लिहिताना मध्येच उठून कुणाला तरी विचारायला जावं लागलं की ती जागा रिकामी राहते, आणि मग ती कायमची रिकामी राहते. म्हणून हे आधीच जवळ घ्या:

- भूलतज्ज्ञांचा चार्ट (वेळा, अँटिबायोटिक कधी दिलं, दिलेलं सलाइन)
- सिस्टरांकडची मोजणीची शीट (मॉप, सुया, उपकरणं)
- सक्शनच्या बाटलीतला आकडा आणि पोट धुवायला किती सलाइन वापरलं तो आकडा
- वापरलेले टाके, क्लिप, ड्रेन यांची पाकिटं किंवा स्टिकर
- तपासणीला पाठवलेल्या नमुन्यांच्या डब्यांवरची लेबलं
- दुर्बिणीतून काढलेले फोटो किंवा व्हिडिओचा क्रमांक
- ऑपरेशनआधीची सोनोग्राफी आणि लिव्हरचे रिपोर्ट

पाकिटं कचऱ्यात जाण्याआधी मागून घ्या. "टाका घातला" आणि "3-0 व्हिक्रिलचा टाका घातला" यांतला फरक त्या पाकिटावर असतो, डोक्यात नसतो.

रक्तस्रावाचा आकडाही असाच. उदाहरणाच्या केसमध्ये बाटलीत 1100 मिली होतं, धुवायला 900 मिली सलाइन गेलं होतं. राहिले 200, त्यातला साधारण 40 मिली पित्ताशयातला पू. म्हणून नोटमध्ये "अंदाजे 150 मिली". थोडं सलाइन पोटातच राहतं, थोडं रक्त मॉपमध्ये जातं, त्यामुळे हा आकडा अंदाजच राहणार. पण तो हिशेबातून आलेला अंदाज आहे. "किरकोळ" या शब्दामागे कसलाच हिशेब नसतो.

## 2. पेशंट ओटीतून बाहेर जाण्याआधी लिहा

पुढची केस टेबलवर आलेली असते, म्हणून नोट संध्याकाळवर जाते. संध्याकाळपर्यंत तीन पित्ताशयं झालेली असतात आणि तिन्हींचा चिकटपणा डोक्यात एकमेकांत मिसळतो. पेशंट रिकव्हरीत जाईपर्यंत पूर्ण नोट जमत नसेल तर निदान सहा ओळींची छोटी नोट त्याच्याबरोबर जाऊ द्या: काय केलं, कुणी केलं, काय सापडलं, काय गुंतागुंत झाली, आत काय ठेवलं, किती रक्त गेलं. पूर्ण नोट त्याच दिवशी, तिच्यावर लिहिण्याची खरी वेळ टाकून.

आणि जो मुख्य हात होता त्यानेच लिहावी. कॅमेरा धरणाऱ्याला चित्र दिसतं, पण ऊतक हाताला कसं लागलं ते कळत नाही. रेसिडेंट लिहिणार असेल तर सही करण्याआधी सरांनी किंवा मॅडमनी ती वाचलेली असावी, नुसती सही नको.

## 3. शीर्षकात ठरवलेलं आणि झालेलं वेगवेगळं लिहा

माझ्या जुन्या नोटमधली पहिली चूक पहिल्याच ओळीत होती. फॉर्मवर "दुर्बिणीतून पित्ताशय काढणे" असं आधीच छापलेलं होतं. मी ते तसंच राहू दिलं. डिस्चार्ज कार्ड त्या ओळीवरून बनलं, पेशंटने तेच पाठ केलं आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तेच सांगितलं.

इथे दोन ओळी हव्यात:

"ठरवलेली शस्त्रक्रिया: दुर्बिणीतून पित्ताशय पूर्ण काढणे.
झालेली शस्त्रक्रिया: दुर्बिणीतून सबटोटल कोलेसिस्टेक्टॉमी, फेनेस्ट्रेटिंग पद्धत, सिस्टिक डक्टचं तोंड आतून टाक्याने बंद, सब-हेपॅटिक ड्रेन."

फेनेस्ट्रेटिंग की रीकॉन्स्टिट्यूटिंग, हा शब्द गाळू नका. स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये ही दोन नावं सुचवली, कारण "सबटोटल" या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालत होत्या. रीकॉन्स्टिट्यूटिंगमध्ये उरलेल्या भागाचं तोंड शिवून किंवा स्टेपल करून बंद करतात, म्हणजे आत एक छोटं पित्ताशयच तयार होतं. त्यात पुन्हा खडे होऊ शकतात, पुन्हा सूज येऊ शकते. माझ्या त्या पेशंटच्या बाबतीत हेच झालं होतं. फेनेस्ट्रेटिंगमध्ये उरलेला भाग उघडाच ठेवतात. हवं तर सिस्टिक डक्टचं तोंड आतून शिवतात. इथे बंद पिशवी उरत नाही, पण सुरुवातीच्या दिवसांत ड्रेनमधून पित्त येण्याची शक्यता जास्त. एकात त्रास महिन्यांनी किंवा वर्षांनी, दुसऱ्यात पहिल्या आठवड्यात. पुढच्या सर्जनला कशाची वाट पाहायची ते या एका शब्दावरून कळतं.

## 4. सापडलेलं लिहिताना "दिसलं", "वाटलं" आणि "दिसलं नाही" वेगळं ठेवा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

"खूप चिकटपणा होता" हे वाक्य मी आजवर शेकडो नोट्समध्ये वाचलंय आणि त्यातून मला एकदाही काही कळलेलं नाही. कशाला काय चिकटलं होतं? मऊ, बोटाने सुटणारं की कात्रीशिवाय न सुटणारं? ड्युओडेनम ओढलेलं होतं का? आमच्या केसची नोंद अशी केली:

"ओमेंटम पित्ताशयाच्या टोकाला आणि मधल्या भागाला चिकटलेलं, सक्शनच्या टोकाने सुटलं. ड्युओडेनमचा पहिला भाग हार्टमन पाउचला साधारण 2 सेंमी लांबीत घट्ट चिकटलेला. कात्रीने सोडवावा लागला. पित्ताशय ताणलेलं, पकडीत येत नव्हतं, सुईने रिकामं केलं, साधारण 40 मिली पू, नमुना कल्चरला. भिंतीवर टोकाजवळ 1 सेंमीचा काळपट डाग, छिद्र नाही. हार्टमन पाउचमध्ये खडा घट्ट बसलेला. पाउचच्या आतल्या बाजूचं ऊतक लाकडासारखं कडक. पाउच आणि मुख्य पित्तनलिकेची बाजू यांत फरक करता आला नाही."

शेवटचं वाक्य बघा. ते न जमलेल्या गोष्टीची नोंद आहे, आणि नवीन माणसाचा हात नेमका तिथेच अडतो. आपल्याला न दिसलेलं लिहिणं म्हणजे कबुली दिल्यासारखं वाटतं. पण पुढच्या सर्जनला सगळ्यात जास्त उपयोग याच वाक्याचा. तो त्या जागी जाताना हात आखडून जाईल.

इथे क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नोट्समधलं सर्वांत सवंग झालेलं वाक्य तेच आहे. 1995 मध्ये मांडलेल्या या कल्पनेत तीन अटी आहेत: हेपॅटोसिस्टिक त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ झालेले असावेत, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हरवरून सुटलेला असावा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच, फक्त दोनच रचना दिसाव्यात. तिन्ही पूर्ण, तरच "मिळाला" म्हणायचं. दोन पूर्ण असतील तर "मिळाला नाही". टेम्प्लेटमध्ये ते वाक्य आधीच भरलेलं असतं आणि आपण पुढे जातो. मग सबटोटल झालेल्या पेशंटच्या नोटमध्येही "व्ह्यू मिळाला" असं राहून जातं. मी अशी नोट पाहिली आहे. एकाच पानावर दोन वाक्यं एकमेकांना खोटं ठरवत होती, आणि तिच्यातल्या बाकीच्या कशावर विश्वास ठेवावा हेच कळेना.

आमच्या नोटमध्ये: "क्रिटिकल व्ह्यू मिळाला नाही. त्रिकोण साफ करता आला नाही. सिस्टिक डक्ट आणि सिस्टिक आर्टरी बाहेरून दिसल्या नाहीत. मुख्य पित्तनलिका पाहिलेली नाही, तिच्याजवळ विच्छेदन केलेलं नाही. रूव्हिएचा सल्कस दिसला. सगळं काम त्याच्या पातळीच्या वर ठेवलं."

रूव्हिएचा सल्कस म्हणजे लिव्हरच्या उजव्या भागाच्या खालची खाच. सूज कितीही असली तरी ती बहुतेक वेळा सापडते, आणि तिच्या वर राहिलं तर मुख्य नलिकेपासून अंतर राहतं. दिसली तर लिहा. दिसली नाही तर तेही लिहा.

## 5. पायऱ्यांमध्ये निर्णयाची जागा दाखवा

स्वच्छ कपडे घालून, बीटाडीन लावून, कापड टाकून... या ओळी दोन पुरेत. पोर्ट कुठे आणि किती मिलिमीटरचे, बेंबीत शिरताना उघड्या पद्धतीने की सुईने, हे एका वाक्यात बसतं. पुढच्या वेळी पोटात शिरणाऱ्याला ते लागतं. त्यापलीकडे तिथे रेंगाळू नका.

वेळ द्या तो वळणाच्या जागेला. पूर्ण काढायचं सोडून अर्धवट काढायचं, हे कधी ठरलं आणि कशामुळे?

"10:40 ला सुरुवात. 11:35 पर्यंत त्रिकोणात प्रगती नाही, ऊतक रक्ताळ आणि कडक. दुसऱ्या कन्सल्टंटना ओटीत बोलावलं. त्यांनी स्क्रीनवर पाहून सबटोटलला दुजोरा दिला. पोट उघडण्याचा विचार केला. उघडूनही कडक ऊतकात तोच धोका राहील म्हणून दुर्बिणीतूनच पुढे."

ही तीन-चार वाक्यं पुढे तक्रार झाली तर कामी येतात, हे खरं. पण माझ्या लेखी त्यांचा पहिला उपयोग पुढच्या सर्जनला आहे. "इथे खडकासारखं होतं म्हणून थांबलो" आणि "इथे रक्त आलं म्हणून घाईने थांबलो" या दोन वेगळ्या जमिनी आहेत, आणि तो दुसऱ्यांदा त्याच जमिनीवर उतरणार आहे.

मग केलेलं काम, क्रमाने. प्रत्येक कापलेल्या किंवा बंद केलेल्या गोष्टीला तीन प्रश्न विचारा: काय होतं, कशाने केलं, नंतर काय दिसलं?

"पित्ताशयाची पुढची भिंत टोकापासून हार्टमन पाउचपर्यंत उघडली. 18 मिमीचा खडा आणि बारा लहान खडे काढले, पिशवीत ठेवले. पुढची भिंत कापून काढली. मागची भिंत लिव्हरवर तशीच ठेवली. तिचं अस्तर कॉटरीने जाळलं. पाउचचा साधारण 2 सेंमी भाग उघडा ठेवला. आतून सिस्टिक डक्टचं तोंड दिसलं. खडा काढल्यावर त्यातून थोडं स्वच्छ पित्त आलं. तोंडाभोवती आतून 3-0 व्हिक्रिलचा पर्स-स्ट्रिंग टाका. पाच मिनिटं पाहिलं, पित्त आलं नाही. एकही क्लिप लावलेली नाही."

"एकही क्लिप लावलेली नाही" हे मुद्दाम लिहिलंय. पुढे कुणी स्कॅन केला आणि पित्त गळतंय असं वाटलं, तर तो आधी "क्लिप सरकली का" असा विचार करेल. क्लिप असत्या तर किती, कुठल्या, कशावर, हे लिहिलं असतं: "सिस्टिक डक्टवर टायटॅनियमच्या तीन, दोन राहणाऱ्या बाजूला" असं. नुसतं "क्लिप लावल्या" लिहून तो विचार थांबत नाही.

आणखी एक सापळा: "सिस्टिक डक्ट ओळखली" असं लिहायचं आणि कशावरून ते लिहायचं नाही. आमच्या केसमध्ये ओळख आतून झाली, पित्त येताना पाहून. बाहेरून झालेली नाही. म्हणून "आतून दिसलं" हे शब्द तसेच ठेवले.

## 6. गुंतागुंत झाली त्याच जागी, पूर्ण लिहा

ड्युओडेनम सोडवताना त्याच्या वरच्या आवरणाला चीर गेली. छोटी होती. टाका घातला, पुढे गेलो. अशी गोष्ट नोटमध्ये न येण्याचं कारण बहुतेकदा भीती नसते; शेवटी सगळं ठीक दिसत असतं, म्हणून ती विसरली जाते. आणि चौथ्या दिवशी पेशंटला ताप आला, ड्रेनमधलं पाणी हिरवट झालं, की रात्रपाळीचा रेसिडेंट नोट उघडतो. तिथे ड्युओडेनमचं नाव नसेल तर तो फक्त पित्तनलिकेचा विचार करतो. सिस्टिक डक्टच्या तोंडातून येणारं पित्त आणि ड्युओडेनममधून येणारं पित्तमिश्रित पाणी ड्रेनच्या पिशवीत सारखंच हिरवं दिसतं, पण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

"11:20 ला ड्युओडेनमच्या पहिल्या भागावर, पुढच्या बाजूला, साधारण 1 सेंमीची सेरोसाची चीर, कात्रीने सोडवताना, कॉटरी वापरली नव्हती. आतलं अस्तर उघडं पडलेलं नाही, पित्त किंवा हवा आली नाही. 3-0 व्हिक्रिलचे दोन टाके. शेवटी पुन्हा पाहिलं, जागा कोरडी. भूलतज्ज्ञांना त्याच वेळी सांगितलं."

वेळ, जागा, लांबी, कशामुळे, किती खोल, काय केलं, पुन्हा पाहिलं का. कॉटरी वापरली नव्हती हे का लिहायचं? कॉटरीची इजा त्या दिवशी छोटी दिसते आणि भिंत काही दिवसांनी खचते. कात्रीची चीर जेवढी दिसते साधारण तेवढीच असते. वाचणाऱ्याने किती दिवस धास्ती बाळगायची ते त्यावर ठरतं.

गुंतागुंत नसेल तर "गुंतागुंत नाही" एवढं पुरे. "सुरळीत" हा शब्द मी सोडून दिलाय.

## 7. आत काय राहिलं, याचा वेगळा परिच्छेद

हा बहुतेक फॉर्मवर नसतो. स्वतः करा, आणि पूर्ण नोट वाचायला वेळ नसलेल्या माणसाचा डोळा पडेल अशा जागी ठेवा.

"आत राहिलेलं: (अ) पित्ताशयाची मागची भिंत, लिव्हरवर, साधारण 5 × 3 सेंमी, अस्तर जाळलेलं. (आ) हार्टमन पाउचचा 2 सेंमी भाग, उघडा. (इ) सिस्टिक डक्ट पूर्ण, तोंडावर व्हिक्रिलचा टाका. डक्टच्या आत खडा आहे का ते तपासलेलं नाही. (ई) पसरलेल्या खड्यांपैकी 3-4 मिमीचे दोन खडे लिव्हरच्या मागे गेले, शोधूनही सापडले नाहीत. (उ) 20 फ्रेंचचा ड्रेन, लिव्हरखाली, उजव्या पोर्टमधून."

राहिलेल्या खड्यांची ओळ लिहायला जीव वर येतो, हे मला माहीत आहे. बहुतेक पेशंटना त्यांचा काही त्रास होत नाही. पण क्वचित महिन्यांनी किंवा वर्षांनी त्यांच्याभोवती पू साठतो आणि स्कॅनमध्ये ती गाठ दिसते. वाचणाऱ्याला खडे राहिल्याचं माहीत नसेल तर त्याच्या मनात कर्करोग येतो आणि पेशंटची सुईने तपासणी सुरू होते. ती एक ओळ असती तर रेडिओलॉजिस्टने मधोमध खड्याची सावली शोधली असती.

मागच्या भिंतीची ओळही अशीच. समजा, पॅथॉलॉजीत अनपेक्षितपणे कर्करोग निघाला. मग पुढच्या सर्जनला आधी हे हवं: लिव्हरच्या बाजूची भिंत आत आहे का, पित्ताशय आत उघडलं होतं का, पू-पित्त सांडलं का, नमुना पिशवीतून बाहेर काढला का आणि कुठल्या पोर्टमधून. आमच्या नोटमध्ये या सगळ्यांची उत्तरं होती. आठवणीतून ती कुणीच देऊ शकलं नसतं, मीही नाही.

माप सांगताना पट्टी नसते, मान्य. दुर्बिणीतल्या ग्रास्परचा जबडा किती लांब आहे ते ठाऊक असलं की त्यावरून अंदाज बांधता येतो. "साधारण" लिहा, पण आकडा लिहा.

## 8. फोटो जोडा, आणि काय दिसतंय ते सांगा

दोन फोटो पुरेत: निर्णय घेतला तेव्हाचा त्रिकोण, आणि शेवटी उरलेला भाग. व्ह्यू मिळाला असेल तर त्याचे पुढून आणि मागून असे दोन. प्रत्येकाखाली एक ओळ: "डावीकडे ड्युओडेनम, मधे उघडा पाउच, वर लिव्हर, बाणाजवळ सिस्टिक डक्टचं तोंड, टाक्यानंतर." ओळीशिवायचा फोटो दोन वर्षांनी स्वतःलाही कळत नाही. मी करून पाहिलंय.

## 9. पुढच्या सूचना आकड्यांत

"ड्रेनवर लक्ष ठेवा" ही सूचना नव्हे. लिहा: "ड्रेनचं प्रमाण आणि रंग दर 8 तासांनी. पित्त आलं तर ड्रेन काढू नये, कन्सल्टंटना कळवावं. पित्त चालू राहिलं किंवा ताप, पोट कडक, पल्स 110 च्या वर: त्याच दिवशी स्कॅन, ड्युओडेनमची चीर लक्षात ठेवावी. पित्त नलिकेतून येतंय असं दिसलं तर ईआरसीपीसाठी विचारणा." अँटिबायोटिक किती दिवस, रक्त पातळ करणारं इंजेक्शन कधीपासून, खायला कधी द्यायचं, हे नेहमीचं, तेही लिहा.

मग डिस्चार्ज कार्ड. तिथे पेशंटच्या भाषेत: "पित्ताशयाचा बहुतेक भाग काढला आहे, थोडा भाग आत ठेवला आहे. पुढे सोनोग्राफी करताना हे डॉक्टरांना सांगा." ऑपरेशन नोटची प्रतही द्या. नोट फाइलमध्ये राहते. पेशंट दुसरीकडे जातो.

## 10. नंतर काही कळलं तर जोडा, खोडू नका

लिहिलेल्या नोटमध्ये मागाहून शब्द घुसवला की सगळी नोट संशयित होते. चूक असेल तर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी; बाजूला तारीख, वेळ, सही. नवीन माहिती असेल तर खाली वेगळी नोंद, त्या दिवसाची तारीख टाकून. कॉम्प्युटरवर असेल तर जोड-नोंदीची सोय असते, तीच वापरा.

आमच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये 120 मिली पित्त आलं, तिसऱ्या दिवशी 60, पाचव्या दिवशी काही नाही. ताप आला नाही. सातव्या दिवशी ड्रेन काढला. नवव्या दिवशी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला आणि मी मूळ नोटखाली एवढं लिहिलं: "जोड-नोंद. रिपोर्ट: तीव्र आणि जुनाट दाह, कर्करोग नाही. रिपोर्ट फक्त पुढच्या भिंतीचा आहे; मागची भिंत आणि पाउच तपासणीला गेलेले नाहीत. सहा महिन्यांनी सोनोग्राफी." तारीख, वेळ, नाव, सही.